पीडीएफमधला बाजारभावाचा तक्ता स्लाइडवर वाचता येईल असा कसा बसवायचा?

गोदाकाठ (सोमवार, रात्री 9:12)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची बैठक शनिवारी नाशिकला आहे. उन्हाळी कांदा कुठल्या बाजारात न्यायचा एवढाच विषय आहे. त्यासाठी एका दिवसाच्या बाजारभावाची पीडीएफ एक्सेलमध्ये काढून घेतली. तक्त्यात दहा रकाने आहेत: अनुक्रमांक, दिनांक, बाजार समिती, शेतमाल, वाण, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. ओळी 16 आणि बाजार 14.

तो तक्ता तसाच पॉवरपॉइंटमध्ये चिकटवला तर फॉन्ट 11 वर येतो आणि तरीही तळाच्या दोन ओळी स्लाइडबाहेर जातात. 18 केला तर प्रत्येक नाव दोन-तीन ओळींत मोडतं. लासलगावची ओळ ठळक करायची आहे, कारण दर तिथेच सर्वांत जास्त, 1,500 रुपये दिसतो. त्याखालोखाल विंचूर 1,480. (आकडे मी गोल करून, बदलून देतोय, मांडणीपुरते. त्यावरून कुणी भाव ठरवू नका.) हॉलमध्ये शेवटची खुर्ची पडद्यापासून अंदाजे 9 मीटरवर आहे. काय करावं?

पांढरा_कांदा (सोमवार, रात्री 9:40)

सोपं आहे भाऊ. एक्सेलमध्ये तक्ता निवडायचा, कॉपी करायचा आणि स्लाइडवर Picture म्हणून चिकटवायचा. मग कोपरा धरून हवा तेवढा ताणायचा. नाव मोडत नाही, दुसऱ्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलत नाही. लासलगावच्या ओळीवर लाल चौकोन काढला की झालं.

चौकटमोजणी (सोमवार, रात्री 10:25)

पांढरा_कांदा यांचं अर्धं बरोबर आहे. चित्र केलं की फॉन्टचा प्रश्न खरंच मिटतो. पण अक्षराचा मिटत नाही. दहा रकाने 30 सेंटीमीटर रुंदीत बसवलेत म्हणजे अक्षर 10-11 पॉइंटाएवढंच राहणार, मग तो तक्ता असो की त्याचं चित्र. चित्र आणखी ताणलं तर ते स्लाइडबाहेर जाईल. शिवाय शुक्रवारी रात्री एखादा आकडा चुकलेला सापडला तर चित्रात तो दुरुस्त करता येत नाही.

गोदाकाठ, फॉन्ट किती हवा ते आधी हॉलवरून काढू, रकाने नंतर. पॉवरपॉइंटची स्लाइड उंचीला 7.5 इंच असते, म्हणजे 540 पॉइंट. पडद्यावर उमटणाऱ्या चित्राची उंची 1.2 मीटर धरली तर 11 पॉइंटाचं अक्षर वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत जेमतेम 24 मिलिमीटर जागा घेतं. 18 पॉइंटाला 40 मिलिमीटर मिळतात आणि 24 ला 53. आपल्या अक्षराचा शिरोरेषेखालचा मुख्य भाग याच्या साधारण निम्मा असतो, हे ध्यानात धरा. इंग्रजीसाठी सांगितलेला फॉन्टचा आकडा मराठीला म्हणूनच अपुरा पडतो: मात्रा, रफार, उकार यांनाही त्याच उंचीत जागा लागते.

गणित करायचं नसेल तर घरी तपासता येतं. शेवटची खुर्ची 9 मीटरवर आणि चित्र 1.2 मीटर उंच, म्हणजे तो माणूस चित्राच्या उंचीच्या साडेसात पट लांब बसलाय. 15.6 इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची सुमारे 19.4 सेंटीमीटर असते. त्याची साडेसात पट म्हणजे 145 सेंटीमीटर. स्लाइड शोमध्ये पूर्ण पडदाभर लावा, टेप धरून दीड मीटरला थोडं कमी एवढ्यावर उभे राहा आणि वाचा. जे इथून वाचता येणार नाही ते तिथूनही वाचता येणार नाही. उलट प्रोजेक्टरचा काळा रंग लॅपटॉपइतका गडद नसतो, तेव्हा तिथे थोडं वाईटच दिसेल असं धरा.

माझ्या अंदाजाने तुम्हाला 24 लागेल. 20 च्या खाली जाऊ नका.

आता दुसरं. बाजार 14 आणि ओळी 16 असं लिहिलंय. दोन बाजार दोनदा का आलेत ते आधी पाहा. रकाने उडवण्याआधी पाहा.

कसारा_लोकल (सोमवार, रात्री 10:51)

एक्सेलमध्ये भाव बदलला की स्लाइडवर आपोआप बदलायला हवा असेल तर Paste Special मध्ये Paste link घ्या. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर लिंक तुटते.

चौकटमोजणी (सोमवार, रात्री 11:02)

त्यांनी ते विचारलेलं नाही दादा. तक्ता एका दिवसाचा आहे, बदलणार नाही. आणि लिंक केलेला तक्ता एक्सेलचाच आकार घेऊन येतो, पॉवरपॉइंटमध्ये त्याच्या एकेका रकान्याचा फॉन्ट हलवता येत नाही. रोज तीच स्लाइड लावणाऱ्याला लिंक उपयोगी पडेल.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी 7:30)

ताई, दोनदा आलेले बाजार म्हणजे पिंपळगाव बसवंत आणि मनमाड. अनुक्रमांक, दिनांक, शेतमाल, वाण, परिमाण हे रकाने काढले, मग Data मधलं Remove Duplicates बाजाराच्या नावावर चालवलं. आता बरोबर 14 ओळी राहिल्यात. आता कुठल्या ठेवू?

चौकटमोजणी (मंगळवार, सकाळी 8:15)

थांबा, मागे जा. Remove Duplicates फक्त टिक केलेला रकाना बघतं आणि त्यात तेच नाव पुन्हा आलं की पहिली ओळ ठेवून खालची पूर्ण ओळ काढून टाकतं. काढलेल्या ओळीत काय होतं ते सांगत नाही, किती ओळी गेल्या एवढंच सांगतं. मूळ पीडीएफ उघडा आणि पिंपळगाव, मनमाड यांच्या दोन-दोन ओळींत वाणाच्या रकान्यात काय आहे ते बघा. हंगाम बदलताना एकाच बाजारात लाल आणि उन्हाळी दोन्ही कांदा येतो आणि दोघांची ओळ वेगळी लागते.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी 9:05)

तसंच निघालं. पिंपळगावची वरची ओळ लाल कांद्याची, दर 1,250. खालची उन्हाळीची, दर 1,560. माझ्याकडे लाल राहिली आणि उन्हाळी गेली. मनमाडचंही तेच: लाल 1,130 राहिली, उन्हाळी 1,380 गेली.

म्हणजे उन्हाळी कांद्याला सर्वांत जास्त दर लासलगावला नाही, पिंपळगावला आहे. ठळक करायची ओळच बदलली.

चौकटमोजणी (मंगळवार, सकाळी 9:48)

म्हणूनच रकाना उडवण्याची एकच कसोटी धरा: त्यातल्या सगळ्या ओळींत एकच नोंद आहे का? एक्सेलमध्ये त्या रकान्याला फिल्टर लावा आणि बाण दाबून यादी बघा. यादीत एकच नाव असेल तर तो रकाना स्लाइडच्या शीर्षकाखाली एका ओळीत जातो आणि तक्त्यातून निघतो. तुमचा दिनांक, शेतमाल, परिमाण हे तिन्ही तसे आहेत. वाण तसा नाही. आधी वाणावर "उन्हाळी" एवढंच फिल्टर करा, फक्त दिसणाऱ्या ओळी नव्या शीटवर घ्या. आता वाणही सगळीकडे एकच झाला, आता तो काढायला हरकत नाही.

त्याच वेळी आणखी दोन तपासण्या करा, पाच मिनिटांचं काम आहे. पीडीएफमधून काढताना कधीकधी एखाद्या ओळीत आकडे एक घर सरकतात: लांब नाव दोन ओळींत मोडलं, किंवा एखादं घर रिकामं होतं, की पुढचं सगळं हलतं. किमान, सर्वसाधारण आणि कमाल दर यांचा क्रम चुकला की सरकलेली ओळ लगेच कळते. किमान दर H मध्ये, कमाल I मध्ये आणि सर्वसाधारण J मध्ये असेल तर:

```
=AND(H2<=J2, J2<=I2)
```

FALSE आलं की ती ओळ पीडीएफशी ताडून बघा. दुसरं, आवकेच्या रकान्याची बेरीज करा. आकडे अंक म्हणून आलेत की मजकूर म्हणून, ते इथे कळतं, कारण मजकूर झालेले आकडे SUM मध्ये धरलेच जात नाहीत आणि बेरीज संशयास्पद कमी येते. पीडीएफमधून न दिसणारी मोकळी जागा आकड्याला चिकटून आली की असं होतं. ती अशी निघते:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(G2,CHAR(160),""),",",""))
```

लिपीवेडा (मंगळवार, सकाळी 11:20)

ताईंच्या सूत्रात एक भर. पीडीएफमध्ये आकडे देवनागरी असतील, १५०० असे, तर VALUE वर विसंबू नका. Find & Replace ने ० ते ९ दहाही अंक आधी बदलून घ्या, मगच सूत्र चालवा.

आणि नावं "ÊãÓã" अशा चित्रविचित्र अक्षरांत आली तर घाबरू नका. ती पीडीएफ श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात केलेली असते. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी चिन्हांचे कोड असतात. 14 नावांसाठी परिवर्तक शोधत बसण्यापेक्षा नावं हाताने टाइप करा. परिवर्तकाने जोडाक्षरं चुकली तर ती शोधण्यात टाइपिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

द्राक्षबाग (मंगळवार, दुपारी 1:10)

माझाही हाच प्रश्न आहे पण कांद्याचा नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा रासायनिक अवशेषांचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे. पानंच्या पानं रसायनांची नावं आणि पुढे BLQ, BLQ, BLQ. गटातल्या बागायतदारांना दाखवायचाय. 24 पॉइंटात हे कसं बसणार?

चौकटमोजणी (मंगळवार, दुपारी 2:35)

द्राक्षबाग, तुमच्याकडे रकान्यांपेक्षा ओळी कापायच्या आहेत. BLQ म्हणजे मोजता येईल त्या पातळीच्या खाली. त्या सगळ्या ओळींचं मिळून एक वाक्य होतं: "तपासलेल्यांपैकी बाकीची सर्व मोजणीच्या पातळीखाली." ते तक्त्याच्या खाली लिहा. तक्त्यात फक्त सापडलेली रसायनं ठेवा. बहुतेक अहवालांत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. रकाने तीन पुरे: नाव, सापडलेलं प्रमाण, परवानगीची मर्यादा. ओळी मर्यादेच्या सर्वांत जवळ असलेल्यापासून लावा, प्रमाणाच्या आकड्यावरून नव्हे. 0.30 सापडलं आणि मर्यादा 3 आहे ती ओळ निवांत आहे. 0.008 सापडलं आणि मर्यादा 0.01 आहे ती ओळ ठळक करायची. युरोपात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागते, आणि अडचण बहुधा तिथेच येते.

आकडे सुबक दिसावेत म्हणून 0.3 चं 0.300 करू नका. प्रयोगशाळेने जितक्या दशांशांपर्यंत दिलंय तितकंच ठेवा, नाहीतर न केलेली अचूकता दाखवल्यासारखं होतं.

द्राक्षबाग (मंगळवार, दुपारी 2:50)

क्रमाचं डोक्यात आलं नव्हतं. आम्ही प्रमाणावर लावला होता, जी ओळ महत्त्वाची ती शेवटी होती. धन्यवाद ताई.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री 8:45)

फिल्टर करून झालं. उन्हाळीच्या 14 ओळी, सर्व तपासण्या TRUE. पण 24 पॉइंटात 14 ओळी बसत नाहीत.

चौकटमोजणी (मंगळवार, रात्री 9:30)

बसणारच नाहीत. निर्मला फॉन्टात 24 पॉइंटाची एक ओळ सुमारे 32 पॉइंट उंची घेते, म्हणजे 1.13 सेंटीमीटर. घराच्या वर-खाली मिळून सव्वा मिलिमीटराच्या दोन कडा धरल्या की ओळ सुमारे 1.4 सेंटीमीटरची झाली. स्लाइड 19.05 सेंटीमीटर उंच. वर शीर्षक आणि त्याखालची माहितीची ओळ यांना 4 सोडले, खाली दीड सोडला, तर तक्त्याला 13.5 उरतात. भागाकार केला की नऊ ओळी, त्यात एक मथळ्याची. मला नऊही जास्त वाटतात. सहा ओळी आणि मथळा घ्या.

कुठल्या सहा, ते तुमचा माल कुठे जाऊ शकतो त्यावरून ठरवा. निफाड तालुक्यातून ट्रॅक्टर जिथे खरोखर जाईल ते बाजार ठेवा. कळवणचा दर कितीही चांगला असला तरी कुणी तिकडे नेणार नसेल तर ती ओळ स्लाइडवर जागाच अडवते. पूर्ण 14 ओळींचा तक्ता छापून बैठकीत वाटा, तिथे 11 पॉइंट चालतो.

रकाने चार: बाजार, आवक, सर्वसाधारण दर, आणि एक नवा, लासलगावपेक्षा फरक. सध्या माल लासलगावला जातो ना? मग ऐकणारा मनात तीच वजाबाकी करत बसणार. ती आपण करून द्यावी. किमान आणि कमाल दर काढून टाका.

पांढरा_कांदा (मंगळवार, रात्री 9:52)

किमान-कमाल काढू नका, शेतकरी पहिल्यांदा कमाल दरच विचारतो. आणि उरलेल्या आठ बाजारांची "इतर" म्हणून एक ओळ करा, सरासरी दर टाका. म्हणजे काही लपवलं असं कुणी म्हणणार नाही.

चौकटमोजणी (मंगळवार, रात्री 10:20)

"इतर" ओळीचा हेतू चांगला आहे, सरासरीत मात्र गफलत होते. समजा एका बाजारात 2,000 क्विंटल 1,500 ने गेला आणि दुसऱ्यात 500 क्विंटल 1,800 ने. दोन दरांची साधी सरासरी 1,650 येते. आवकेचं वजन देऊन काढली तर 1,560. नव्वद रुपयांचा फरक पडला, आणि आपण ज्या फरकावर बोलतोय तोच 60 चा आहे. त्यातही सर्वसाधारण दर ही मुळातच त्या दिवसाच्या दरांतून काढलेली एक खूण असते, तिची पुन्हा सरासरी काढली की तिला फारसा अर्थ उरत नाही. त्यापेक्षा तक्त्याखाली लहान अक्षरात "इतर 8 बाजारांत दर अमुक ते तमुक" असं लिहावं. लहान म्हणजे 18, त्याखाली नको.

कमाल दराबद्दल मला तुमचं पटत नाही. कमाल दर एखाद्याच गाडीला मिळालेला असू शकतो आणि तो दिसला की सगळं लक्ष तिकडे जातं.

पांढरा_कांदा (मंगळवार, रात्री 10:34)

तो एका गाडीला मिळाला हे खरं, पण प्रतवारी करून नेलं तर काय मिळू शकतं तेच त्यातून कळतं. बैठकीत कुणीतरी विचारणारच. मी तरी ठेवीन.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी 7:10)

कमाल दर मी छापील कागदावर ठेवतो, स्लाइडवर नको. आता हे स्लाइडवर घ्यायचं कसं? चिकटवलं की रुंदी, रंग सगळं एक्सेलचं येतं.

चौकटमोजणी (बुधवार, सकाळी 8:40)

पॉवरपॉइंटमध्येच Insert मधून चार रकाने, सात ओळींचं नवं कोरं टेबल घ्या. एक्सेलमधले तेवढेच 4 × 7 चौकोन कॉपी करा, स्लाइडवरच्या टेबलाचे सगळे चौकोन निवडा आणि चिकटवा. एकाच चौकोनात कर्सर ठेवून चिकटवू नका, सगळे निवडलेले हवेत. मग टेबलाची बाहेरची कड क्लिक करून फॉन्ट 24 द्या. कड निवडली की रिकामे चौकोनही त्यात येतात आणि ते महत्त्वाचं आहे: रिकाम्या चौकोनातही फॉन्टाचा आकार लपलेला असतो आणि ओळ त्याहून बुटकी होत नाही. एखादी ओळ विनाकारण उंच राहिली तर तिच्या रिकाम्या चौकोनात मोठा फॉन्ट किंवा मजकुराच्या शेवटी जास्तीचा Enter राहिलेला असतो.

रुंदी बाजाराच्या नावाला जास्त, उरलेली तिघांत सारखी. सगळ्यांत लांब नाव "पिंपळगाव बसवंत" हे ठळक केल्यावर एका ओळीत बसतंय का ते बघा. ठळक अक्षर रुंद होतं, साधं असताना बसलेलं नाव ठळक केल्यावर मोडतं आणि नेमकी महत्त्वाची ओळ दुप्पट उंच होते. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, आणि आकड्यांचे मथळेही उजवीकडे. एकक मथळ्यात एकदाच.

आता ठळक ओळ. Table Design मध्ये Banded Rows ची टिक काढा. एकाआड एक रंग राहिला तर तुमची ओळ त्या पट्ट्यांतलीच एक वाटते. सगळ्या ओळी पांढऱ्या, अक्षर गडद करडं, साधारण 595959. पिंपळगावच्या ओळीला फिकट रंगाचा भराव, अक्षर काळं आणि ठळक, वर-खाली दीड पॉइंटाची रेघ. भराव पिवळा घेऊ नका, उजेडातल्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर तो पांढऱ्यात मिसळतो. फिकट निळा किंवा हिरवा टिकतो, आणि रंग पुरता उडाला तरी ठळक अक्षर आणि रेघ उरते. लाल अक्षर नको, भावाच्या तक्त्यात लाल म्हणजे तोटा असंच वाचलं जातं.

वरून चौकोन काढून ठेवण्यापेक्षा ओळीलाच भराव द्या. ओळीची उंची बदलली की टेबल हलतं, चौकोन जागच्या जागी राहतो आणि भलत्या बाजाराला वेढा पडतो.

लिपीवेडा (बुधवार, सकाळी 10:05)

फॉन्टाबद्दल. Home वर नाव बदलूनही मराठी अक्षर तसंच राहत असेल तर त्याचं कारण असं: पॉवरपॉइंट इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट वेगळा धरतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. Options मध्ये Language खाली मराठी जोडा, मग Font च्या चौकटीत दुसरा रकाना दिसतो, तिथे बदला. कोकिळा घेऊ नका, 24 चा कोकिळा 24 च्या निर्मलापेक्षा बराच लहान दिसतो. मंगलची ओळ जास्त उंच असते, त्यात ताईंचं 1.4 सेंटीमीटरचं गणित कोलमडेल. निर्मला Windows 8 पासून सोबतच येतो, त्यामुळे हॉलच्या संगणकावरही बहुधा असतो.

अंकांबद्दल माझं मत वेगळं आहे. नावं देवनागरी आणि आकडे 1,560 असे, हे डोळ्याला खटकतं. १,५६० लिहा की. सभासद मराठीच आहेत.

चौकटमोजणी (बुधवार, सकाळी 10:50)

बऱ्याच फॉन्टांत देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, उजवीकडे लावूनही एककाखाली एकक येत नाही. पावतीवर, मोबाइलवर लोक 1,560 च वाचतात. पण वाचता येण्याचा प्रश्न म्हटलं तर दोन्ही चालतं, फॉन्टात रकाना सरळ दिसतोय ना ते बघून ठरवावं.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री 8:20)

आज हॉल बघून आलो. प्रोजेक्टर जुना आहे, पडदा जवळपास चौरस, 1.6 मीटर रुंद आणि 1.2 उंच. माझी स्लाइड लावली तर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि अक्षर घरी दिसलं त्यापेक्षा लहान वाटलं.

स्लाइड सध्या अशी आहे. शीर्षक: "उन्हाळी कांदा: पिंपळगावला लासलगावपेक्षा क्विंटलमागे 60 रुपये जास्त". त्याखाली दिनांक. मग:

| बाजार | आवक (क्विंटल) | दर (₹/क्विंटल) | लासलगावपेक्षा फरक |
|:--|--:|--:|--:|
| पिंपळगाव बसवंत | 18,000 | 1,560 | +60 |
| लासलगाव | 12,000 | 1,500 | – |
| विंचूर | 9,000 | 1,480 | −20 |
| चांदवड | 6,000 | 1,450 | −50 |
| येवला | 5,000 | 1,400 | −100 |
| मनमाड | 3,000 | 1,380 | −120 |

चौकटमोजणी (गुरुवार, रात्री 9:05)

अक्षर लहान वाटलं नाही, खरंच लहान झालं. 16:9 ची स्लाइड 1.6 मीटर रुंदीत बसवली की चित्राची उंची 90 सेंटीमीटरच उरते. शेवटचा माणूस आता उंचीच्या साडेसात नव्हे, दहा पट लांब गेला. तुमचं 24 तिथे 18 सारखं दिसतंय.

Design मध्ये Slide Size ला Standard (4:3) करा. स्लाइड 25.4 × 19.05 सेंटीमीटर होईल. उंची तीच, म्हणून पडद्यावर पूर्ण 1.2 मीटर मिळतील आणि 24 पुन्हा 24 होईल. विचारल्यावर Ensure Fit दाबाल तर तो मजकूर लहान करू शकतो, तेव्हा बदलल्यावर टेबलाची कड निवडून फॉन्ट पुन्हा तपासा. रुंदी साडेआठ सेंटीमीटरने कमी होईल. चार रकाने त्यात बसतात, दहा बसले नसते. शेवटचा मथळा दोन ओळींत गेला तर जाऊ द्या, किंवा नुसतं "फरक (₹)" करा, लासलगाव शीर्षकात आहेच. मग टेप घेऊन पुन्हा 145 सेंटीमीटरवर उभे राहा.

लासलगावच्या ओळीला भराव देऊ नका, पण तुलनेचा पाया तीच आहे. तिच्या फरकाच्या घरात डॅशऐवजी "सध्याचा" असं लिहा.

पांढरा_कांदा (गुरुवार, रात्री 9:30)

स्लाइड चांगली झाली. पण 60 रुपये जास्त म्हणताय त्यात भाडं कुठंय? पिंपळगावला न्यायचा खर्च क्विंटलमागे 25 ने वाढला तर हाती 35 च येतात. आणि ज्यांचं गाव लासलगावला खेटून आहे त्यांना तर काहीच उरणार नाही.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री 9:55)

भाडं गावागावाला वेगळं आहे, म्हणून एका रकान्यात बसत नाही. तक्त्याखाली "वाहतूक धरलेली नाही" असं 18 पॉइंटात टाकतो. शीर्षकातही "दर" हा शब्द घालतो, म्हणजे हाती येणारी रक्कम असं कुणी समजणार नाही.

द्राक्षबाग (शुक्रवार, सकाळी 7:40)

बैठकीनंतर हीच स्लाइड गटाच्या व्हॉट्सअॅपवर जाणार ना? उभ्या मोबाइलवर वाचता येईल का?

चौकटमोजणी (शुक्रवार, सकाळी 8:20)

कठीण आहे. उभ्या धरलेल्या फोनची रुंदी 6.8 सेंटीमीटर धरली तर 4:3 च्या स्लाइडवरचं 24 पॉइंटाचं अक्षर मात्रा-उकार धरून सव्वादोन मिलिमीटरचं होतं. आडवा धरला तर तीन मिलिमीटर. तरुणांना चालेल, चाळिशी लागलेल्यांना नाही. फोनसाठी त्याच तक्त्याची उभी आवृत्ती वेगळी करावी का, की दोनच रकाने पाठवावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी करून बघितलं असेल तर मापं इथे टाका.